वीस मात्रा भरल्या म्हणजे भुजंगप्रयात झालं का?

कोजागिरीसाठी भाचीने कविता पाठवली, वर ठळक लिहिलेलं ‘वृत्त भुजंगप्रयात’, पहिली ओळ ‘गर्दी सराफ्यात, किती लोक येती’. म्हणाली, मामा मी मोजलंय, बारा अक्षरं, वीस मात्रा, बरोबरे ना? मोजणी बरोबर होती पण वृत्त नव्हतं, आणि हा घोळ आमच्या इंदूरच्या मंडळात दरवर्षी कुणीतरी घालतंच.

आधी मोजून बघू. लघु म्हणजे एक, गुरु म्हणजे दोन. ‘गर्दी’त ग ऱ्हस्व आहे पण पुढच्या र्दी चा आघात त्याच्यावर येतो म्हणून गुरु, दी दीर्घच, म्हणजे चार झाल्या. स एक, रा दोन, फ्या दोन, त एक. कि एक, ती दोन, लो दोन, क एक, येती चार. बेरीज वीस.

आता भुजंगप्रयात अक्षरगणवृत्त आहे, त्याला बेरजेशी देणंघेणं नाही, त्याला क्रम लागतो: लघु गुरु गुरु, म्हणजे यगण, आणि तो चार वेळा. भाचीची ओळ सुरूच गुरुने होते, पहिले दोन गण गुरु गुरु लघु असे तगण आलेत. नुसती शब्दांची जागा बदला, ‘सराफ्यात गर्दी, किती लोक येती’, आणि म्हणून बघा: सराफ्या, तगर्दी, कितीलो, कयेती. बसलं की नाही! तेच शब्द, त्याच वीस मात्रा.

मग मूळ ओळ चुकीची का? नाही हो, मात्रावृत्त म्हणून ती मस्त चालते, कारण तिचेही पाच-पाच मात्रांचे चार तुकडे पडतात. टाळी देऊन म्हणा, अडखळत नाही. मात्रावृत्तात तर ‘येती’ काढून ‘जमती’ घातलं, म्हणजे एका गुरुच्या जागी दोन लघु, तरी चालेल. अक्षरगणवृत्तात तेरावं अक्षर आलं की संपलं.

तिची दुसरी ओळ ‘तुम्ही या जरा, कीस खाऊन जाऊ’ (भुट्ट्याचा कीस, इथे वेगळं सांगायला नको). इथे तिला वाटलं एक मात्रा जास्त होतेय, कारण म्ही जोडाक्षर म्हणून तिने तु गुरु धरला. पण ‘तुम्ही’ मोठ्याने म्हणून बघा, तु वर जोर येतच नाही, म्हणून तो लघुच, आणि ओळ चक्क शुद्ध भुजंगप्रयात. जोडाक्षर डोळ्याने नाही, कानाने तपासायचं. पण कानाचं ऐकायचं म्हणून मुशायऱ्यातल्या हिंदी-उर्दू गझलेसारखं ‘मेरे’चा शेवटचा रे एका मात्रेत उरकायचा, ते मराठी वृत्तात नाही चालत, इथे ए, ओ कायम गुरु.

भाचीला ‘गर्दी’ पहिलाच शब्द हवा होता म्हणे. मग ओळ तशीच ठेवली आणि वरचं वृत्ताचं नाव खोडलं.