प्रेक्षक-टिकाव आलेख

दृक्श्राव्य कार्यक्रमाच्या प्रत्येक क्षणाला मूळ प्रेक्षकांपैकी किती टक्के प्रेक्षक अजून पाहत आहेत, हे दाखवणारी रेषा. व्यवहारात तिला ‘रिटेन्शन ग्राफ’ म्हणतात. प्रेक्षक कुठे गळले हे हेरून पुढच्या भागाची मांडणी बदलणे, हा तिचा मुख्य उपयोग.

उगम : या पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते दिसतात. एक मत तिचे मूळ अमेरिकन रेडिओत शोधते. पॉल लाझार्सफेल्ड आणि फ्रँक स्टँटन या संशोधकांनी साधारणपणे १९३० च्या दशकाच्या अखेरीस एक यंत्र तयार केले. कार्यक्रम ऐकताना श्रोत्याने आवडल्यास हिरवे व नावडल्यास लाल बटण दाबायचे आणि त्याची नोंद सरकत्या कागदावर उमटायची. क्षणाक्षणाची नोंद घेण्याची कल्पना इथे स्पष्ट आहे. मात्र नोंदले जाते ते श्रोत्याचे मत.

दुसरे मत संशोधक एडवर्ड पामर यांच्या प्रयोगांकडे बोट दाखवते. चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉपमध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमाची तयारी चालू असताना, मुलासमोरच्या दूरचित्रवाणी संचाशेजारी ते स्लाइडचा दुसरा पडदा ठेवीत. त्यावरचे चित्र दर साडेसात सेकंदांनी बदले आणि त्या वेळी मुलाची नजर कार्यक्रमावर आहे की नाही, हे निरीक्षक टिपत असे. त्यातून प्रत्येक भागाचा आलेख तयार होई. आवड विचारण्याऐवजी लक्ष मोजल्यामुळे आजच्या आलेखाशी पामरांची पद्धत अधिक जवळची ठरते.

आलेखावरून पुढचा भाग सुधारण्याचे ठळक उदाहरणही इथलेच. जुलै १९६९ मध्ये फिलाडेल्फियात चाचणीचे भाग दाखवले, तेव्हा बाहुल्यांच्या प्रसंगांत मुले खिळून राहिली, पण रस्त्यावरच्या प्रसंगांत, जिथे फक्त माणसे बोलत होती, तिथे लक्ष उडाले. वास्तव आणि कल्पित यांची सरमिसळ करू नये, असा सल्लागार तज्ज्ञांचा आग्रह होता. निर्मात्यांनी तो बाजूला ठेवून बाहुल्या रस्त्यावर आणल्या. ‘बिग बर्ड’ आणि ‘ऑस्कर’ ही पात्रे या दुरुस्तीतून घडली. १० नोव्हेंबर १९६९ रोजी कार्यक्रम प्रक्षेपित झाला तो या बदलांसह.

वाचनपद्धती : यूट्यूबवर हा आलेख प्रत्येक व्हिडिओच्या विश्लेषणात मिळतो, माहिती जमायला एक-दोन दिवस लागतात. रेषा साधारणतः उतरतीच असते, त्यामुळे उतारापेक्षा त्यातील मोड महत्त्वाचा. रेषा घसरून पुन्हा वर आली, तर प्रेक्षकांनी तेवढा तुकडा सरकवून पुढे उडी मारली आहे. घसरून खालीच राहिली, तर ते निघून गेले आहेत. उंचवटा बहुधा मागे जाऊन पुन्हा पाहिल्याचा असतो. तो कौतुकाचा असतो तसाच न समजल्याचाही असू शकतो.

पुरणपोळीच्या दहा मिनिटांच्या एका काल्पनिक भागात रेषा ३:२० ला ५२ टक्क्यांवर आणि ४:१० ला ३९ वर आहे असे समजू. फरक १३ अंकांचा दिसतो, पण त्या घडीला असलेल्यांपैकी पाव लोक पन्नास सेकंदांत उठून गेले आहेत. गळती नेहमी उरलेल्या प्रेक्षकांच्या प्रमाणात मोजावी, नाहीतर शेवटाकडचे मोठे नुकसान किरकोळ वाटते. आता व्हिडिओ ३:१० पासून पाहावा, कारण कंटाळा आधी येतो आणि बोट नंतर हलते. तिथे डाळीचा कुकर गॅसवर आहे, चित्र बदलत नाही आणि निवेदिका सणाच्या आठवणी सांगते आहे. ७:१० ला उंचवटा आहे : कणकेत तेल किती, हे ती पटकन बोलून गेली आहे.

पुढचा भाग उकडीच्या मोदकांचा असेल, तर आठवणी गाळण्याची गरज नाही. उकडीला वाफ येईपर्यंत पडद्यावर सारण परतणारे हात दाखवावेत आणि आठवणी त्यावर बोलाव्यात. तांदळाच्या पिठाचे व पाण्याचे माप अक्षरांत थोडा वेळ पडद्यावर ठेवावे. मोदकांच्या भागात वाफेच्या जागी रेषा सपाट राहिली, तर निदान बरोबर असण्याची शक्यता वाढते. एका भागावरून ते सिद्ध होत नाही.

मर्यादा : गळती कुठे झाली ते आलेख सांगतो, तिचे कारण मात्र चित्र पाहूनच ताडावे लागते. पाहणारे मोजके असतील, तर दोन-चार जणांच्या जाण्यानेही रेषेला खळगा पडतो. व्हिडिओ नव्या लोकांपर्यंत पोहोचू लागला की मांडणी तीच असूनही रेषा खाली येते, कारण वाहिनीची ओळख नसलेले लवकर निघतात. म्हणून दोन भागांची तुलना करताना नियमित आणि नव्या प्रेक्षकांच्या रेषा शक्यतो वेगळ्या पाहाव्यात आणि जवळपास सारख्या लांबीचेच भाग शेजारी ठेवावेत.