३२ रुपयांची दारिद्र्यरेषा आली कुठून?

सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात अ‍ॅफिडेव्हिट दिलं, शहरात माणशी दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा गरीब धरायचा नाही. देशभर संताप झाला आणि तो रास्तच होता, पण त्या सगळ्या गदारोळात हा आकडा कुणी, कसा आणि कशासाठी काढला हे फारसं कुणी सांगितलंच नाही. त्याची बरीचशी गोष्ट पुण्यातली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात १९६२ पासून करू. सरकारने नेमलेल्या एका गटाने तेव्हा ठरवलं की १९६०-६१ च्या भावाने माणशी महिना २० रुपये ही किमान गरज. त्यात एक अट होती जी नंतर सगळे विसरले, ती म्हणजे शिक्षण आणि आरोग्याचा खर्च या २० रुपयांत धरलेलाच नाही, कारण ते सरकार देणार! म्हणजे ही रेषा एका आश्वासनावर उभी होती.

मग १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा अभ्यास आला. त्यांनी काय केलं ते नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा वाद इथूनच निघतो. माणसाला दिवसाला सरासरी २२५० कॅलरी हव्यात असं धरलं. मग नॅशनल सॅम्पल सर्व्हेचे खर्चाचे आकडे घेतले, त्यात घरं महिन्याच्या खर्चाप्रमाणे गटागटाने लावलेली असतात, आणि बघितलं की कोणत्या गटातल्या माणसाच्या पोटात २२५० कॅलरी जातायत. खेड्यात तो गट सापडला महिना १५ रुपयांच्या आसपास, शहरात साडेबावीसच्या. म्हणजे १५ रुपये ही नुसत्या ज्वारी-डाळीची किंमत नाही बरं का, त्या गटातली माणसं धान्य घेऊन वर कपडा, तेल, सरपण यावर जे काही खर्च करत होती ते सगळं त्यात आलं. या हिशोबाने खेड्यातली ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं रेषेखाली निघाली.

याला म्हणतात निरपेक्ष दारिद्र्य, इंग्रजीतलं अ‍ॅब्सोल्यूट, की शेजारी किती कमावतो याच्याशी संबंध नाही, एक ठराविक किमान गरज भागते की नाही एवढंच बघायचं. पण मला यात नेहमी एक गोष्ट जाणवते, ती १५ रुपयांची टोपली, म्हणजे त्या खर्चात येणाऱ्या सगळ्या वस्तू, काही निसर्गाने ठरवलेली नव्हती, त्या काळातली माणसं प्रत्यक्षात जशी जगत होती तशी ती होती.

कॅलरीवरूनही जोरदार वाद झाला आणि तोही पुण्यातच. पां. वा. सुखात्मे हे मोठे संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत, FAO मध्ये, काम करून पुण्यात परतलेले. त्यांचं म्हणणं असं की सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येकजण उपाशी असतो हे चूक आहे, एकाच माणसाची गरजसुद्धा काळानुसार कमीजास्त होते, शरीर जुळवून घेतं, म्हणून रेघ सरासरीपेक्षा बरीच खाली मारायला हवी. तसं केलं की उपाशी माणसांची संख्या एकदम उतरते. दांडेकरांना ते मान्य नव्हतं. सुखात्म्यांचा मुद्दा शास्त्र म्हणून विचारात घेण्यासारखा आहेच, पण कमी खाऊन जुळवून घेणारं शरीर कामही कमी करतं, आणि ज्याचं पोट मजुरीवर आहे त्याच्यासाठी हा फरक लहान नाही, असं माझं स्पष्ट मत.

१९७९ मध्ये अलघ समितीने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी धरल्या, आणि १९७३-७४ च्या भावाने रेषा आली महिना साधारण ४९ आणि ५७ रुपये. खरी गडबड त्यानंतरची आहे. पुढे दर सर्व्हेला कॅलरी परत मोजल्या नाहीत, तीच टोपली ठेवली आणि फक्त महागाईप्रमाणे तिचे रुपये वाढवत नेले. पण दरम्यान जगणं बदललं ना. आधी सरपण रानातून यायचं ते विकत घ्यावं लागायला लागलं, कामाला जायला एसटीचं भाडं, मुलांच्या वह्या-फी, खाजगी डॉक्टर, हे सगळं त्याच पैशातून भागवायचं म्हटल्यावर ताटातलं कमी होणारच. नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत खेड्यात रेषेवरच्या माणसाला २४०० कॅलरी मिळतच नव्हत्या, त्याच्या बऱ्याच खाली तो खात होता, आणि तरीही कागदावर तो गरीब नव्हता. उत्सा पटनायक यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी हे वारंवार दाखवून दिलं.

सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये कॅलरीचा आधार सोडला. त्यांनी शहरातल्या गरिबांची जुनी टक्केवारी, २००४-०५ ची २५.७, तशीच ठेवली, त्या पातळीवरची शहरी माणसं काय काय घेतात ती टोपली धरली, शाळा-दवाखान्याच्या खर्चासकट, आणि तीच टोपली खेड्यात किती रुपयांना पडते ते राज्याराज्यात काढलं. परिणाम असा की खेड्यातली गरिबी २८.३ वरून ४१.८ टक्क्यांवर गेली आणि देशाची २७.५ वरून ३७.२ वर. वर्ष तेच, माणसं तीच, कुणाच्या ताटात एक घाससुद्धा कमीजास्त झाला नाही, फक्त रेघ हलली.

हीच रेषा महागाईप्रमाणे २०११ पर्यंत वाढवली आणि अ‍ॅफिडेव्हिटमधले ३२ आणि २६ रुपये आले. म्हणजे ३२ रुपयेवाली तेंडुलकर रेषा खेड्यासाठी आधीपेक्षा वरची होती, हे त्या गदारोळात हरवलं. पण शहरात ती जुन्याच रेषेवर बेतलेली आणि जुनी रेषा आधीच खाली घसरलेली, त्यामुळे पाच माणसांच्या घराला महिना ४,८२५ रुपये, त्यात खोलीभाडंही आलं, हे लोकांना पटणं शक्यच नव्हतं. २०१४ मध्ये रंगराजन समितीने शहराची रेषा दिवसाला ४७ वर नेली, २०११-१२ चे गरीब २१.९ ऐवजी २९.५ टक्के झाले, आणि तो अहवाल तसाच पडून राहिला.

युरोपात वेगळंच चालतं. तिथे देशातल्या मधल्या माणसाचं उत्पन्न घेतात, म्हणजे निम्मे लोक त्याच्या वर आणि निम्मे खाली, आणि त्याच्या ६० टक्क्यांखाली असेल तो गरिबीच्या धोक्यात. हे सापेक्ष दारिद्र्य. ब्रिटनमध्ये पीटर टाउनसेंड यांनी १९७९ मध्ये याची जोरदार बाजू मांडली, की आसपासचे लोक जसं साधारण जगतात त्यात भाग घेता येत नसेल तर पोट भरलं तरी माणूस गरीबच. पण यातही खोट आहे. मंदीनंतर २०१०-११ मध्ये ब्रिटनमध्ये मधल्या माणसाचं उत्पन्न घसरलं, त्याच्याबरोबर रेषाही खाली आली, आणि गरिबी कमी झाल्याचं आकड्यात दिसलं. गरिबांच्या हातात जास्त काही आलं म्हणून नव्हे.

आपल्याकडे वाद इतका पेटतो कारण रेषेला रेशनकार्ड बांधलेलं होतं. सर्व्हे फक्त टक्केवारी सांगतो, अमुक घर गरीब आहे का हे सांगत नाही, ते नंतर दारिद्र्यरेषेखालच्या घरांच्या वेगळ्या बीपीएल याद्यांनी ठरवायचं आणि त्यात खरा गरजूच सुटायचा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मग खेड्यात ७५ आणि शहरात ५० टक्के असा कोटाच धरला, दारिद्र्यरेषेपासून धान्य सोडवलं. दांडेकर-रथांनी उपाय म्हणून सुचवली होती ती ग्रामीण कामं, आणि महाराष्ट्राची रोजगार हमी त्याच दशकात उभी राहिली. तिला रेघ लागतच नाही, उन्हात खडी फोडायला जो येईल त्याला काम द्यायचं, कार्ड पिवळं आहे की केशरी हे विचारायचं नाही.