सम संख्या निम्म्या की तितक्याच?

१, २, ३, ४ अशा मोजसंख्या ओळीने लिहिल्या की एक सोडून एक सम संख्या येते. पहिल्या दहांत पाच, पहिल्या शंभरांत पन्नास. तेव्हा सम संख्या एकूण संख्यांच्या निम्म्या असणार, असेच कोणीही म्हणेल. आता प्रत्येक संख्येसमोर तिची दुप्पट लिहा: १ समोर २, २ समोर ४, ३ समोर ६. कोणतीही मोजसंख्या जोडीदाराविना राहत नाही आणि एका सम संख्येवर दोघांचा दावाही येत नाही. एखादी सम संख्या सुटली असेल अशी शंका आली, तर तिची निम्मी करून पाहायची. १०,००,००० चा जोडीदार ५,००,०००. म्हणजे दोन्हीकडे कोणीच शिल्लक नाही, आणि तरीही एक यादी दुसरीचा नुसता भाग आहे.

ही गोष्ट लक्षात येणे अवघड नव्हते. तिच्यावरून काय निष्कर्ष काढायचा, हे ठरायला मात्र अडीचशे वर्षे लागली.

अडचणीचे मूळ युक्लिडमध्ये आहे. त्याच्या सर्वसामान्य गृहीतांपैकी एक सांगते की पूर्ण हे भागापेक्षा मोठे असते. याच्या जोडीला आपण आणखी एक नियम न सांगता वापरतो: दोन समूहांतल्या वस्तूंच्या जोड्या नेमक्या जुळल्या, तर ते समूह सारखे. शर्टाची बटणे आणि काजे न मोजताही सारखी आहेत हे बटणे लावून कळते. मर्यादित समूहांत हे दोन नियम कधीच भांडत नाहीत, म्हणून ते दोन वेगळे नियम आहेत हेच कोणाच्या ध्यानात येत नाही.

गॅलिलिओने १६३८ मध्ये हे भांडण उघड्यावर आणले. तेव्हा तो फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीला नजरकैदेत होता आणि त्याचा दोन नव्या शास्त्रांवरचा संवादग्रंथ हॉलंडमधल्या लायडनला छापला गेला. त्याने उदाहरण घेतले ते वर्गसंख्यांचे: १, ४, ९, १६. संवादातला साल्व्हियाती दाखवतो की शंभरपर्यंत वर्ग दहाच, म्हणजे एक दशांश, आणि दहा हजारांपर्यंत शंभर, म्हणजे एक शतांश. पुढे जावे तसे ते विरळ होत जातात. तरी प्रत्येक संख्येला आपला एक वर्ग आहे आणि प्रत्येक वर्गाला आपले एक मूळ. मग कमी कोण? गॅलिलिओचे उत्तर असे, की ‘सारखे’, ‘जास्त’, ‘कमी’ हे शब्द अनंताला लागूच पडत नाहीत. मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटते. दोन नियमांपैकी कोणता सोडावा हे ठरेना, तेव्हा त्याने तुलनाच सोडून दिली.

दुपटीची जोडी लायब्निट्झच्या लेखनात येते. युक्लिडचे गृहीत त्याला सोडवेना. त्याचा युक्तिवाद असा: प्रत्येक संख्येला तिची दुप्पट आहे, म्हणून ‘सगळ्या संख्यांची संख्या’ सम संख्यांच्या संख्येपेक्षा मोठी ठरत नाही. म्हणजे पूर्ण भागापेक्षा मोठे नाही, आणि हे तर अशक्य. तेव्हा ‘सगळ्या संख्यांची संख्या’ अशी काही वस्तूच नाही. प्रागच्या बोल्झानोने अनंताच्या विरोधाभासांवर लिहिलेले पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८५१ मध्ये आले. त्याला जोड्यांचे भय वाटले नाही. त्या खऱ्या आहेत हे त्याने मान्य केले, पण नुसत्या जोड्या जुळल्या म्हणून समूह सारखे ठरत नाहीत, असे तो म्हणाला.

थोडे थांबून पाहण्यासारखी जागा इथेच आहे. पहिली दहा संख्यांची यादी घ्या आणि तिच्यातच जोड्या लावा. १ ला २ मिळतो, ५ ला १० मिळतो, आणि ६ ला हवा असलेला १२ यादीबाहेर राहतो. यादी हजाराची केली तरी ५०१ पाशी तीच गत. प्रत्येक मर्यादित यादीत दुपटीची जोडी अर्ध्यावर तुटते. अनंत यादीला मात्र शेवट नाही. त्यामुळे तिथे जोडी तुटायला जागा उरत नाही. म्हणून पुढून उसने घेतल्यासारखी वाटणारी ही युक्ती फसवी नाही.

दुसरी शंका याहून टोकदार आहे. सम संख्येसमोर तीच सम संख्या ठेवली, २ समोर २, ४ समोर ४, तर सगळ्या विषम संख्या उरतात. मग ही जोडणी खरी की दुपटीची? मर्यादित समूहांत एका जोडणीत शिल्लक उरली तर प्रत्येक जोडणीत तेवढीच उरते. बटणे कोणत्या क्रमाने लावली याने फरक पडत नाही. अनंत समूहात हीच खात्री नाहीशी होते. त्यामुळे एखादी जोडणी फसली यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिल्लक न ठेवणारी एक तरी जोडणी आहे का, एवढाच प्रश्न विचारता येतो.

गेओर्ग कँटरने हाच प्रश्न समानतेची व्याख्या म्हणून स्वीकारला. १८७८ च्या लेखात त्याने एकास एक संगती असलेल्या संचांना समान बलाचे म्हटले आणि मोजसंख्या व सम संख्यांचे उदाहरण दिले. दहा वर्षांनी, १८८८ मध्ये, रिखार्ट डेडेकिंडने आणखी पुढचे पाऊल टाकले. जो संच आपल्याच एखाद्या अपुऱ्या भागाशी एकास एक जुळतो तो अनंत, अशी व्याख्याच त्याने केली. लायब्निट्झला जे अशक्य वाटले होते, तेच अनंताची ओळख ठरले.

या कसोटीवर सगळी अनंते सारखीच ठरली असती तर तिचा उपयोग थोडाच होता. पण नोव्हेंबर १८७३ मध्ये कँटरने डेडेकिंडला पत्र लिहून विचारले होते, की मोजसंख्यांची वास्तव संख्यांशी, म्हणजे संख्यारेषेवरच्या सगळ्या संख्यांशी, अशी जोडी लागेल का? डिसेंबरमध्ये त्यानेच सिद्ध केले की लागत नाही. कशीही जोडणी केली तरी एखादी वास्तव संख्या बाहेर राहतेच. ही सिद्धता १८७४ मध्ये छापली गेली. म्हणजे जोड्यांची कसोटी अनंतांतही लहानमोठे ओळखते, जे गॅलिलिओने अशक्य मानले होते.

मग ‘निम्म्या’ ही पहिली जाणीव चुकीची का? नाही. ती वेगळ्या गोष्टीविषयी आहे. यादी जितकी पुढे तोडावी तितके सम संख्यांचे प्रमाण अर्ध्याच्या जवळ येते. गणितात याला घनता म्हणतात आणि सम संख्यांची घनता खरोखरच अर्धी आहे. फक्त ती यादीच्या क्रमावर अवलंबून असते. त्याच संख्या दोन विषम, मग एक सम अशा मांडा: १, ३, २, ५, ७, ४, ९, ११, ६. एकही संख्या गळत नाही, एकही नवी येत नाही, पण आता पहिल्या तीनशे जागांत सम संख्या शंभरच आहेत. प्रमाण एक तृतीयांश झाले. २ चा जोडीदार मात्र अजूनही १ आहे, आणि ४ चा २.