भारांकित निर्णयपत्रक (माहितीपत्रकातील तुलनातक्त्यावरून)

विक्रेत्याच्या माहितीपत्रकात अनेक मॉडेलांचे गुणधर्म शेजारीशेजारी छापलेला तक्ता असतो. खरेदीदाराने स्वतःच्या गरजेनुसार त्या तक्त्यातील काही रकाने निवडून, प्रत्येकाला महत्त्वाप्रमाणे भार देऊन आणि गुणांची बेरीज करून जो कागद तयार करावा, त्याला भारांकित निर्णयपत्रक म्हणतात. माहितीपत्रकातील तक्ता वस्तू काय करू शकते ते सांगतो. ती आपल्या जागी काय करील हे निर्णयपत्रकातून काढावे लागते. खानदेशात या पद्धतीचा सर्वाधिक उपयोग होण्यासारखी खरेदी म्हणजे बोअरमधील पाणबुडी मोटर. यावल, रावेर, चोपडा या केळीच्या पट्ट्यात पाणीपातळी खोल गेल्यामुळे पंपाची निवड चुकली की त्याचे परिणाम ऐन उन्हाळ्यात, घड भरण्याच्या वेळी दिसतात. पुढील विवेचन त्याच खरेदीच्या आधाराने केले आहे; मॉडेले व त्यांचे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

आधी गरज, मग रकाने. माहितीपत्रक उघडण्यापूर्वी आपली गरज दोन आकड्यांत मांडावी लागते. समजा, दोन एकरांत पाच बाय पाच फुटांवर सुमारे ३,५०० केळीची झाडे आहेत आणि उन्हाळ्यात प्रत्येक झाडाला दिवसाला २० लिटर पाणी धरले आहे. म्हणजे रोज ७०,००० लिटर पाणी हवे. शेतीला आठ तास वीज मिळते असे धरले तर मिनिटाला सुमारे १४६ लिटर लागतात, आणि मध्येच वीज जाण्याची सोय ठेवून ही गरज १७० लिटर धरणे योग्य. दुसरा आकडा हेडचा, म्हणजे पंपाला पाणी एकूण किती उंच ढकलावे लागते त्याचा. मोटर चालू असताना उन्हाळ्यात पाणी ७० मीटरवर स्थिरावते, पाइपातील घर्षणासाठी ५ मीटर आणि ठिबकच्या फिल्टर व नळ्यांतील दाबासाठी १५ मीटर धरावेत, असे एकूण ९० मीटर. येथे बोअरची खोली मोजायची नसते, उपसा चालू असतानाची पाणीपातळी मोजायची असते. या दोहोंची गल्लत ही पंपखरेदीतील सर्वात महाग चूक आहे, कारण तिच्यामुळे पुढचे सगळे गुण चुकीच्या जागी मोजले जातात.

छापील आकडा आपल्या जागी आणणे. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत कमाल हेड आणि कमाल डिस्चार्ज, म्हणजे मिनिटाला मिळणारे सर्वाधिक पाणी, छापलेले असतात, पण हे दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. कमाल हेडला पाणी जवळपास शून्य असते आणि कमाल डिस्चार्जला हेड अगदी कमी. म्हणून ९० मीटरच्या ओळीतला डिस्चार्ज वाचावा. ती ओळ छापलेली नसेल, उदाहरणार्थ ८४ मीटरला २०० आणि ९६ मीटरला १७० लिटर एवढेच दिले असेल, तर मधला आकडा १८५ धरावा. हेड आणि डिस्चार्ज यांचे नाते दाखवणारा पंपाचा वक्र वरच्या बाजूला फुगलेला असल्याने प्रत्यक्षात थोडे जास्तच पाणी मिळते. एका कंपनीचे आकडे लिटर प्रति मिनिट आणि दुसरीचे लिटर प्रति सेकंद असतील, किंवा एकीकडे फूट आणि दुसरीकडे मीटर असतील, तर सर्व आकडे एकाच मापात आणल्याशिवाय तुलना सुरू करू नये.

चाळण. काही अटी गुण देण्याच्या नसतात, त्या पाळल्या जातात किंवा जात नाहीत. ९० मीटरला १७० लिटर मिळालेच पाहिजेत आणि पंप केसिंगमधून खाली गेलाच पाहिजे. समजा, चार मॉडेलांपैकी ‘घ’ चा कमाल डिस्चार्ज ४२० लिटर, म्हणजे चौघांत सर्वात मोठा आहे. पण त्याचे कमाल हेड ९६ मीटर असल्याने ९० मीटरला तो ११० लिटरच देतो. तो येथेच बाद होतो. चाळण न लावता त्याला गुण दिले असते, तर स्वस्त किमतीच्या जोरावर तो वर आला असता.

भार आणि गुण. उरलेल्या तीन मॉडेलांसाठी चार निकष पुरेसे आहेत. अश्वशक्ती, स्टेजची संख्या, कमाल हेड आणि डिस्चार्ज हे चार रकाने एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगतात. चौघांना भार दिला तर पाण्याला चौपट महत्त्व मिळते. म्हणून त्यातला ९० मीटरचा डिस्चार्ज तेवढा ठेवावा. जळालेली मोटर कोठे आणि किती दिवसांत दुरुस्त होते हा रकाना कोणत्याच माहितीपत्रकात नसतो. तो शेजारच्या शेतकऱ्यांना विचारून स्वतः जोडावा लागतो. विजेच्या खर्चाला येथे भार दिलेला नाही, कारण राज्य शासनाच्या योजनेत एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे आणि ही मोटर त्या मर्यादेत बसते. त्यापेक्षा मोठी मोटर घेणाऱ्याने तो रकाना अवश्य ठेवावा.

गुण ० ते १० असतात, आणि शून्य व दहा कोठे हे गरजेवरून ठरते. किमतीसाठी ४५,००० रुपयांना ० आणि ३०,००० ला १०; डिस्चार्जसाठी १७० ला ० आणि २२० ला १०; कमी व्होल्टेजला चालण्यासाठी ३५० व्होल्टला ० आणि ३०० ला १०; दुरुस्ती तालुक्यातच होत असेल तर १०, जळगावला न्यावी लागत असेल तर ६.

| निकष | भार | क | ख | ग |
|---|---|---|---|---|
| किमान व्होल्टेज | ३५ | ३४० → २ | ३१० → ८ | ३२५ → ५ |
| दुरुस्ती | ३० | जळगाव → ६ | तालुका → १० | जळगाव → ६ |
| किंमत (रु.) | २० | ३३,००० → ८ | ४२,००० → २ | ३६,००० → ६ |
| डिस्चार्ज | १५ | २०५ → ७ | १८५ → ३ | १९५ → ५ |
| एकूण | १०० | ५.१५ | ६.६५ | ५.५० |

संगणकावर भार B रकान्यात आणि ‘क’ चे गुण C रकान्यात असतील, तर बेरीज अशी होते:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$5,C2:C5)/SUM($B$2:$B$5)
```

पुष्कळदा तक्त्यातील सर्वात स्वस्ताला १० आणि सर्वात महागाला ० असे गुण दिले जातात. ही रीत सोपी असली तरी फसवी आहे. तीन मॉडेलांच्या किमतीत हजार रुपयांचाच फरक असला, तरी तो ० ते १० एवढा ताणला जातो, आणि चौथे मॉडेल तक्त्यात आले की आधीच्या तिघांचे गुण आपोआप बदलतात.

निकालाची पारख. भार हे अनुमान असते, म्हणून ते थोडे हलवून क्रम टिकतो का ते पाहावे लागते. वरच्या पत्रकात व्होल्टेजचा भार ३५ वरून २० आणि किमतीचा २० वरून ३५ केला, तर ‘क’ ला ६.०५, ‘ख’ ला ५.७५ आणि ‘ग’ ला ५.६५ गुण मिळतात. म्हणजे पहिला क्रमांक बदलतो. व्होल्टेजकडून किमतीकडे साडेबारा भार सरकला की ‘क’ आणि ‘ख’ बरोबरीत येतात. निर्णय कोणत्या गोष्टीवर अडला आहे हे यातून नेमके कळते. घरात भार कमी की जास्त यावर वाद घालण्याऐवजी एप्रिल-मेमध्ये, आजूबाजूच्या मोटरी चालू असताना, आठ-दहा दिवस स्टार्टरवरील व्होल्टमीटरचा आकडा लिहून ठेवावा. शेत डीपीपासून लांब, लाइनच्या टोकाला असेल आणि काटा ३२० च्या आसपास येत असेल, तर ३४० व्होल्टवर थांबणारा ‘क’ विचारातच घेऊ नये. तेथे व्होल्टेज हा निकष गुणांतून काढून चाळणीत टाकावा. काटा ३८० खाली येतच नसेल, तर या रकान्याला ३५ भार देण्याचे कारण उरत नाही आणि ‘ख’ साठी नऊ हजार रुपये जास्त मोजायचे की नाही, हा प्रश्न केवळ दुरुस्तीच्या सोयीचा राहतो.