बोट उचलायला उशीर, अक्षरांची रांग

एकच ‘क’ टाइप करायचा होता आणि पडद्यावर उमटलं ‘कककककककक’. संथपणे टाइप करणाऱ्यांना आणि हात थरथरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. दोष कीबोर्डला दिला जातो, पण नवा कीबोर्ड आणूनही रांग तशीच राहते. यूएसबी कीबोर्ड फक्त ‘कळ दाबली’ आणि ‘कळ सुटली’ एवढंच कळवतो. अक्षरं वाढवण्याचं काम संगणकाची प्रणाली करते.

त्यासाठी ती दोन आकडे वापरते. कळ दाबल्यापासून पहिलं जादा अक्षर उमटेपर्यंतचा वेळ, म्हणजे विलंब, आणि त्यानंतर अक्षरं किती भराभर येणार तो वेग. समजा विलंब 500 मिलिसेकंद आहे आणि वेग सेकंदाला 30. सरावलेलं बोट कळीवर साधारण 100 मिलिसेकंदच टेकतं, त्यामुळे त्याला हे कधी जाणवतच नाही. पण बोट 700 मिलिसेकंद राहिलं, तर उरलेल्या 200 मध्ये सात जादा अक्षरं येतात. बॅकस्पेसवर हे घडलं तर एका चुकीसाठी आठ अक्षरं पुसली जातात, आणि खरा वैताग तिथेच असतो.

वेग सेकंदाला 2 केला, तर याच दाबाला एकच जादा अक्षर येईल. विलंब 1 सेकंद केला, तर एकही नाही. म्हणून आधी विलंब वाढवावा. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या Keyboard खिडकीत Repeat delay ची पट्टी Long कडे सरकवायची आणि खालच्या चौकटीत नेहमीसारखं टाइप करून बघायचं. तरीही रांग येत असेल, तर विंडोजच्याच Filter Keys या सुविधेतून पुनरावृत्ती पूर्ण बंद करता येते. लिनक्सच्या एक्स११ सत्रात विलंब 1 सेकंद आणि वेग सेकंदाला 5 करणं एका ओळीत होतं:

```
xset r rate 1000 5
```

मात्र हाताच्या कंपामुळे एक वेगळीच गडबड होते. बोट कळीवरून उचललं जातं आणि लगेच पुन्हा आपटतं. पार्किन्सनमधला कंप सेकंदाला 4 ते 6 वेळा होतो, म्हणजे दोन आपटण्यांत जेमतेम पाव सेकंद. संगणकाच्या लेखी हे दोन स्वतंत्र दाब, त्यामुळे विलंब कितीही वाढवला तरी फरक पडत नाही. ओळखायचं कसं? लांबलचक रांग आली तर कळ दाबलेली राहिली होती. एखादंच अक्षर दुप्पट झालं तर बहुधा बोट आपटलं. त्यावर उपाय Bounce Keys चा: ठरावीक वेळेत तीच कळ पुन्हा दाबली गेली, तर ती धरली जात नाही. इनस्क्रिप्टवर याचा जाच कमी, कारण ‘च्च’ लिहिताना मध्ये हलन्ताची कळ येते. ‘ममता’ लिहिताना मात्र दोन ‘म’मध्ये थांबावं लागतं.

पुनरावृत्ती सगळीच बंद केली की बाणाच्या कळा दाबून धरून ओळभर सरकता येत नाही. एक्स११ मध्ये फक्त बॅकस्पेसचीच पुनरावृत्ती बंद ठेवता येते. बहुतेक संगणकांवर तिचा क्रमांक 22 असतो:

```
xset -r 22
```

ही आज्ञा पुढच्या लॉगिनला विसरली जाते, म्हणून ती लॉगिनच्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञांमध्ये घालून ठेवावी.