फ्रीलान्सरचा आरोग्य विमा: अर्ज मंजूर होतो, क्लेम अडतो

कागदपत्रांचा बाऊ करू नका. आधार, पॅन, कॅन्सल केलेला चेक, नॉमिनीचं नाव; पगारपत्रक सहसा कुणी मागत नाही. घोळ होतो तो प्रपोजल फॉर्ममधल्या आजाराच्या प्रश्नांवर, आणि तो उघडकीला येतो दोन वर्षांनी, दवाखान्यात.

नेहमी दिसणारं उदाहरण घ्या. एक डिझायनर, वय ४१, २०२२ पासून बीपीची एक गोळी चालू. जून २०२४ मध्ये पॉलिसी घेताना एजंट म्हणतो, "एका गोळीचं काय लिहायचं? प्रीमियम वाढेल." सगळ्या प्रश्नांना 'नाही', ओटीपी सांगितला, फॉर्म गेला. तो ओटीपी म्हणजे तुमची सही. फेब्रुवारी २०२६ मध्ये छातीत दुखून ॲडमिट. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, बायको घाईत खरं ते सांगते: "चार वर्षं बीपी आहे." ते केस पेपरवर उतरतं, आणि कंपनी तोच कागद मागवते. क्लेम नामंजूर, वर पॉलिसीही रद्द होण्याची वेळ.

खरं लिहिलं असतं तर? खोटी आशा दाखवत नाही. आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने प्रतीक्षा काळ असतो, त्यामुळे पॉलिसीत तो पूर्ण ३६ महिन्यांचा असेल तर बीपीतून उद्भवलेला हा खर्च तेव्हाही मिळाला नसता. पण पॉलिसी टिकली असती, मधल्या काळातला डेंग्यू-अपघाताचा खर्च मिळाला असता आणि जून २०२७ नंतर हृदयाचाही. "पाच वर्षांनी काही विचारत नाहीत" हेही अर्धवट ऐकलेलं असतं. ६० महिने सलग हप्ते भरल्यावर लपवाछपवीचं कारण चालत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर चालतं.

पॉलिसीसोबत भरलेल्या फॉर्मची प्रत येते. ती कुणी उघडत नाही. उघडा. चुकीचं 'नाही' दिसलं तर लगेच ईमेलने दुरुस्ती कळवा. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परतही करता येते.

प्रतीक्षा काळातल्या खर्चासाठी मोडता येईल अशी एफडी वेगळी ठेवा. एनपीएसच्या टियर १ खात्यावर त्यासाठी विसंबू नका, ती निवृत्तीची रक्कम आहे, वाटेल तेव्हा हाताला लागत नाही. अटल पेन्शनचे फॉर्म घेऊनही लोक येतात. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना त्यात नव्याने खातं उघडता येत नाही, हे बँकेच्या खिडकीवर कळतं.

आणि नोकरी अजून सोडली नसेल, तर राजीनाम्याआधी एक काम करा. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि झालेला प्रतीक्षा काळ धरला जातो. एचआर हे आपणहून सांगेल अशी वाट पाहू नका. अर्ज कव्हर चालू असतानाच, लेखी द्या. शेवटचा दिवस उलटला की ३६ महिने पुन्हा पहिल्यापासून.