१६ मीटरनंतर सिग्नल ‘स्थिर’ झाला म्हणे!

अंतर वाढवत सिग्नल मोजायच्या प्रॅक्टिकलचे रिपोर्ट चाळले की कन्क्लूजनमध्ये एक वाक्य हमखास सापडतं, ठरावीक अंतरानंतर सिग्नल स्थिर होतो. अरे भाऊ, काहून स्थिर होईल तो?

समजा नागपुरातल्या एखाद्या कॉलेजच्या मोकळ्या ग्राउंडवर सिग्नल जनरेटर लावलाय, एकाच फ्रिक्वेन्सीचा साधा सिग्नल, आणि स्पेक्ट्रम अॅनालायझरवर १ मीटरला -६० डीबीएम दिसतंय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की पॉवर चौथाई होते, म्हणजे ६ डीबी खाली. मग २ मीटरला -६६, ४ ला -७२, ८ ला -७८, १६ ला -८४, ३२ ला -९० आणि ६४ ला -९६ यायला पाहिजे. पण टेबलात ३२ मीटरला -८६ आणि ६४ ला -८७ लिहिलेलं असतं, कारण मशीनचा स्वतःचा नॉइज -८८ वर बसलाय आणि सिग्नल त्याच्याखाली गेला तरी मशीन दोघांची बेरीज दाखवत राहतं. पोरं तेवढ्यावर सरळ रेषा मारतात, उतार दर दशपट अंतराला २० डीबीऐवजी १६ च्या आसपास निघतो, म्हणजे यांच्या ग्राउंडवर सिग्नल निर्वात पोकळीपेक्षाही चांगला जातो! लांब कॉरिडॉरमध्ये असं खरंच होऊ शकतं, भिंती सिग्नल कोंडून ठेवतात, पण मोकळ्या ग्राउंडवर असा आकडा आला की आधी नॉइजवर संशय घ्यायचा.

तपासायला सोपं आहे, प्रत्येक अंतरावर जनरेटरचा आउटपुट बंद करून रीडिंग घ्या. आकडा हललाच नाही तर तुम्ही नॉइज मोजत होता. हा कॉलम टेबलात असलाच पाहिजे, माझ्या मते थिअरीच्या दोन पानांपेक्षा तो जास्त कामाचा.

प्रोसिजरमध्ये सेटिंग लिहा म्हणतात ते याच्यासाठीच. रिझोल्यूशन बँडविड्थ, म्हणजे मशीन एका वेळी फ्रिक्वेन्सीचा किती रुंद पट्टा मोजतं ते, स्क्रीनवर RBW, १ मेगाहर्ट्झवरून १० किलोहर्ट्झ केली की नॉइज २० डीबी खाली जातो, -१०८ ला, आणि ६४ मीटरचा खरा -९६ दिसायला लागतो. RBW लिहिलीच नसेल तर वाचणाऱ्याला तुमच्या नॉइजचा तळ कुठे होता ते कळणारच नाही.

एरर अॅनालिसिसमध्ये वेगळाच घोळ. अपेक्षित -६०, आलं -६६, म्हणून एरर १० टक्के लिहून मोकळे! डीबीएम लॉगमधे असतं बापा, ६ डीबी म्हणजे पॉवर चौथाईच राहिली. फरक डीबीमध्येच लिहा, टक्के हवेच असतील तर आधी मिलिवॉट काढा. सरासरीचंही तेच, -६० आणि -८० ची सरासरी पॉवर -७० नाही, -६३ येते.

आणि जनरेटरऐवजी वायफाय राउटर वापरला असेल तर RBW ची ही युक्ती चालत नाही, त्याचा सिग्नलच साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद असतो, RBW कमी केली की नॉइजसोबत सिग्नलचा आकडाही तेवढाच खाली येतो. तिथे अख्ख्या चॅनेलची पॉवर मोजायची, म्हणजे CHANNEL POWER मोड.